तुमच्या स्क्रीनकडे गुपचूप कोण बघतंय?

के. आर. पुरमला माझी मावशी राहते. महिन्यातून एखाद्या रविवारी मी मेट्रोने तिच्याकडे जेवायला जाते. गेल्या वेळी पुरणपोळीचं ताट समोर ठेवता ठेवता तिने विचारलं, ‘‘अगं, तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना? मला एक सांग, आपण स्क्रीनवर काय करतोय ते दुसऱ्या कुणाला दिसतं का?’’

मावशी घरूनच शाळेच्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. त्याच लॅपटॉपवर ती नेट बँकिंग करते, विजेचं बिल भरते आणि मुलांच्या पालकांची माहितीही तिथेच ठेवते. सोसायटीतल्या एका मैत्रिणीने तिला सांगितलं होतं, की मोफत मिळणारी काही एक्स्टेन्शन्स आपल्या स्क्रीनचे फोटो काढतात. मावशीने लगेच सेटिंग्ज उघडून ‘स्क्रीन’ शब्द शोधला. संशयास्पद काहीच सापडलं नाही, पण मन काही शांत होईना.

जेवण झाल्यावर आम्ही लॅपटॉप आणि काकांचा फोन घेऊन बसलो. दोन तास गेले, पण एक गोष्ट पक्की कळली. गुपचूप बघणाऱ्याच्या परवानगीवर ‘स्क्रीन’ हा शब्द बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. ती परवानगी वेगळ्याच नावाने दिलेली असते आणि बऱ्याचदा आपणच ती दिलेली असते.

एका मोफत व्हीपीएनची गोष्ट

मावशीच्या मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट खरी होती. ऑगस्ट २०२५मध्ये कोय सिक्युरिटी या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी FreeVPN.One नावाच्या क्रोम एक्स्टेन्शनबद्दल अहवाल प्रसिद्ध केला. ते एक लाखाहून जास्त वेळा इन्स्टॉल झालेलं होतं. क्रोमच्या दुकानात त्याला विश्वासाचा बिल्लाही मिळालेला होता. काम काय, तर आपली इंटरनेटवरची ओळख लपवायची.

प्रत्यक्षात आपण कुठलंही पान उघडलं, की साधारण सव्वा सेकंदाच्या आत हे एक्स्टेन्शन त्या पानाचा फोटो काढायचं आणि पानाच्या पत्त्यासकट स्वतःच्या सर्व्हरवर पाठवायचं. ना बटण दाबावं लागायचं, ना कुठला आवाज यायचा. बँकेचं पान असो, घरातले फोटो असोत की ऑफिसचा हिशेब, सगळ्यांचाच फोटो. केवळ संशयास्पद साइट्स तपासण्यासाठी हे फोटो काढले जातात, असं ते बनवणाऱ्याचं म्हणणं होतं. संशोधकांना मात्र अगदी ओळखीच्या, भरवशाच्या साइट्सचे फोटोही काढले जाताना दिसले.

आपल्या कामाची गोष्ट यापुढे आहे. हे एक्स्टेन्शन पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. एप्रिल २०२५च्या एका अपडेटमध्ये त्याने सगळ्या वेबसाइट्स वाचण्याची परवानगी मागून घेतली. जूनमध्ये आणखी एक बदल झाला. फोटो काढणं सुरू झालं ते जुलैमध्ये.

एखाद्या एक्स्टेन्शनने नवी, मोठी परवानगी मागितली, की क्रोम ते बंद करतो आणि आपल्याला पुन्हा विचारतो. पण ‘सगळ्या वेबसाइट्स’ ही परवानगी एकदा मिळाली, की उघड्या पानाचा फोटो काढायला दुसरी परवानगी लागतच नाही. म्हणजे घराची किल्ली एप्रिलमध्येच दिली गेली होती. जुलैमध्ये दार उघडताना कुणी बेल वाजवली नाही.

क्रोममध्ये नेमकं काय वाचायचं?

आम्ही क्रोमच्या वरच्या पट्टीत chrome://extensions लिहून एंटर दाबलं. मावशीच्या अंदाजाने तिथे तीन-चार एक्स्टेन्शन्स असायला हवी होती. निघाली नऊ. काही तिने घेतलेली, काही माझ्या मावसभावाने कधीतरी टाकलेली आणि दोन तर दोघांनाही न आठवणारी.

प्रत्येकावर ‘Details’ असं बटण असतं. ते दाबलं, की त्या एक्स्टेन्शनच्या परवानग्या दिसतात. तिथे तीन प्रकारची वाक्यं ओळखायला शिका.

पहिलं वाक्य ‘Capture content of your screen’. हे वाचून आपण घाबरतो, पण यातला धोका तुलनेने उघड असतो. अशा एक्स्टेन्शनला स्क्रीन घ्यायची असेल, तर क्रोम दरवेळी खिडकी उघडून विचारतो, की कोणती स्क्रीन दाखवायची. तुम्ही निवडल्याशिवाय पुढे काही होत नाही.

दुसरं वाक्य ‘Read and change all your data on all websites’. स्क्रीन शब्द नाही, कॅमेऱ्याचं चित्र नाही, म्हणून आपण हे वाचून पुढे जातो. पण FreeVPN.Oneकडे हीच ताकद होती. ही असली, की समोर उघडलेल्या पानाचा दिसणारा भाग टिपता येतो, पानावरचा मजकूर वाचता येतो आणि तुम्ही त्यात काय टाइप करता तेही बघता येतं.

तिसरा प्रकार म्हणजे साइट्सबद्दल काहीच न लिहिलेलं असणं. अशी एक्स्टेन्शन्स तुम्ही त्यांच्या चिन्हावर क्लिक केलं तरच, आणि फक्त तेवढ्या पानापुरती चालतात. स्क्रीनशॉट काढण्याचं चांगलं साधन बहुधा असंच बांधलेलं असतं.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल, की स्क्रीनशॉट काढणाऱ्या एक्स्टेन्शनपेक्षा सुंदर वॉलपेपर दाखवणारं एक्स्टेन्शन जास्त बघू शकतं. मावशीकडे अगदी तसंच निघालं.

नऊमधून चार कशी उरली?

प्रत्येकाबद्दल आम्ही एकच प्रश्न विचारला. याचं जे काम आहे, त्यासाठी सगळी पानं वाचायची खरंच गरज आहे का?

जाहिराती अडवणाऱ्याला ती गरज आहे, कारण जाहिराती सगळ्याच पानांवर असतात. ते ठेवलं. स्क्रीनशॉटचं साधन क्लिक केल्यावरच चालत होतं, तेही ठेवलं. कन्नड मजकुराचं भाषांतर करणारं एक होतं. सोसायटीच्या नोटिसा वाचायला मावशीला ते लागतं, पण रोज नाही. त्याच्या ‘Details’मध्ये ‘Site access’खाली तीन पर्याय होते. ‘On all sites’ बदलून आम्ही ‘On click’ केलं. आता मावशी चिन्हावर क्लिक करेल तेव्हाच ते त्या पानाकडे बघेल. पीडीएफ जोडणाऱ्या एक्स्टेन्शनलाही असाच लगाम घातला.

उरलेली पाच होती वॉलपेपर, डिस्काउंट कूपन, व्हिडिओ डाउनलोड, काळी थीम आणि एक मोफत व्हीपीएन. पाचही जणांकडे सगळ्या वेबसाइट्सची परवानगी होती. मावशी म्हणाली, ‘‘वॉलपेपरवाल्याला माझं बँकेचं पान कशाला बघायचंय?’’ सगळं उत्तर त्या प्रश्नातच होतं.

काढून टाकण्याआधी मात्र मला बघायचं होतं, की ते खरंच काही बाहेर पाठवतं का. हे तुम्हीही करून बघू शकता. एक्स्टेन्शन्सच्या पानावर उजवीकडे वर ‘Developer mode’ सुरू करा. बहुतेक एक्स्टेन्शन्सखाली ‘service worker’ अशी लिंक दिसू लागते. ती उघडून ‘Network’ या भागात जा आणि ती खिडकी तशीच ठेवून दुसरीकडे एखादी बातम्यांची साइट उघडा. चाचणीसाठी बँकेचं पान चुकूनही उघडू नका.

वॉलपेपरवाल्याच्या खिडकीत मी उघडलेल्या प्रत्येक पानागणिक एक नवी ओळ उमटत होती. बातमी उघडली, एक ओळ. पाककृती उघडली, दुसरी ओळ. ओळीवर क्लिक करून ‘Payload’मध्ये बघितलं, तर मी उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता एका अनोळखी ठिकाणी चालला होता. फोटो जात नव्हता, हे खरं. पण आम्ही कोणती पानं बघतो त्याची यादी मात्र तयार होत होती.

फोटो जात असेल तर ओळखायचं कसं? ओळीचा आकार बघा. पानाचा पत्ता अगदी लहान असतो, फोटो मात्र बहुतेक वेळा शेकडो किलोबाइटचा असतो. बाहेर जाणारी माहिती कुलूपबंद केलेली असेल, तर आत काय आहे ते वाचता येत नाही. FreeVPN.Oneनेही नंतरच्या अपडेटमध्ये तेच केलं होतं. पण पान उघडलं की लगेच काहीतरी मोठं बाहेर जातंय, एवढं तर दिसतंच. पाकीट बंद असलं तरी रोज किती जाड पाकीट कुठे जातं ते कळतं, तसं हे आहे.

घरात कॉम्प्युटरची बऱ्यापैकी सवय असलेलं कुणी असेल, तर विंडोजवर आणखी एक तपासणी करता येते. पानाचा फोटो काढणाऱ्या क्रोमच्या आज्ञेचं नाव ठरलेलं आहे. ते नाव कोणत्या एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये आहे, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये शोधता येतं.

```
cd "%LOCALAPPDATA%\Google\Chrome\User Data\Default\Extensions"
findstr /s /m /c:"captureVisibleTab" *.js
```

उत्तरात फाइलचा पत्ता येतो आणि त्यात ३२ अक्षरांचं एक फोल्डर असतं. ‘Developer mode’ सुरू असताना प्रत्येक एक्स्टेन्शनखाली दिसणारा ‘ID’ त्या ३२ अक्षरांशी जुळवायचा. क्रोममध्ये एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील, तर ‘Default’च्या जागी ‘Profile 1’ असं नाव असू शकतं. chrome://version या पानावर ‘Profile Path’समोर ते वाचता येतं.

आमच्याकडे दोन नावं आली. एक स्क्रीनशॉटचं साधन, त्याचं तर कामच ते. दुसरं ते मोफत व्हीपीएन. त्याच्या ‘Network’मध्ये तासाभरात आम्हाला फोटो जाताना दिसला नाही. म्हणजे ते निर्दोष आहे का? सांगता येत नाही. काही व्हीपीएनना लॉगिनच्या तांत्रिक कारणासाठी सगळ्या साइट्सची परवानगी खरंच लागते. पण आपल्याला रस्ता बदलून देणाऱ्याकडे आपल्या पानाचा फोटो काढायची सोय का असावी, याचं उत्तर त्याच्या माहितीत कुठेच नव्हतं. मावशीने दोन सेकंदांत ‘Remove’ दाबलं. गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघायला हे कोर्ट नाही. कारण पटलं नाही, तर काढून टाकायचं.

एक मर्यादाही सांगते. फाइलमध्ये ते नाव सापडलं नाही, म्हणजे एक्स्टेन्शन सुरक्षितच आहे असं नाही. नाव तुकड्यांत लपवता येतं. शिवाय आज साधं असलेलं एक्स्टेन्शन उद्याच्या अपडेटमध्ये बदलू शकतं. म्हणून खरा भरवसा परवानगी कमी ठेवण्यावरच.

काकांचा फोन

फोनमध्ये दोन वेगळी दारं आहेत. पहिलं दार स्क्रीन रेकॉर्ड किंवा शेअर करण्याचं. अँड्रॉइडवर कुठल्याही अ‍ॅपला स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल, तर ‘हे अ‍ॅप आता स्क्रीनवरचं सगळं बघू शकेल’ अशी सूचना येते आणि तुमची संमती लागते. अँड्रॉइड १४पासून ही संमती दरवेळी नव्याने घ्यावी लागते. रेकॉर्डिंग चालू असताना वरच्या पट्टीत त्याची खूणही दिसते. हे दार उघड असल्यामुळे फसवणारे गुपचूप येत नाहीत, ते फोन करून आपल्याकडूनच होकार घेतात.

काकांच्या बाबतीत हेच घडता घडता राहिलं होतं. काही महिन्यांपूर्वी वीज कंपनीतून बोलतोय असं सांगून कुणीतरी फोन केला, ‘आज रात्री कनेक्शन तोडू’ म्हणून घाबरवलं आणि लांबून मदत करणारं एक अ‍ॅप टाकायला लावलं. नऊ आकडी नंबर विचारल्यावर काकांना शंका आली आणि त्यांनी फोन ठेवला. अ‍ॅप मात्र तसंच राहिलं. अशा अ‍ॅप्समधून बँक खाती रिकामी केली जातात, याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं आणि त्यात एनीडेस्कचं नाव होतं. एनीडेस्क हे अगदी कायदेशीर, ऑफिसांत रोज वापरलं जाणारं साधन आहे. दोष नंबर मागणाऱ्याचा असतो. पण घरच्या फोनमध्ये अशा साधनाचं काम नसेल, तर ते असू नये.

दुसरं दार जास्त शांत आहे. त्याचं नाव ‘Accessibility’. दृष्टी कमी असलेल्यांना फोन वापरता यावा म्हणून ही सोय आहे. त्यासाठी अ‍ॅपला स्क्रीनवरचा मजकूर वाचावा लागतो आणि आपल्या वतीने बटणंही दाबावी लागतात. ही परवानगी एकदा दिली, की ती चालूच राहते. रेकॉर्डिंगची खूण दिसत नाही, पुन्हा विचारलं जात नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट काळा येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तो बंदोबस्त फोटोपुरता आहे. स्क्रीनवरची अक्षरं वाचायला फोटो लागतोच असं नाही.

सेटिंग्जमध्ये ‘Accessibility’ उघडा आणि ‘Downloaded apps’ किंवा ‘Installed apps’मध्ये जा. प्रत्येक अ‍ॅपच्या नावाखाली ते चालू आहे की बंद, ते लिहिलेलं असतं. पासवर्ड सांभाळणारं ओळखीचं अ‍ॅप किंवा टॉकबॅकसारखी सोय तिथे असू शकते. काकांच्या फोनमध्ये तिथे फोन ‘साफ’ करणारं एक अ‍ॅप चालू होतं.

‘‘अहो काका, हे कधी घेतलंत?’’

‘‘स्क्रीनगार्ड बदलायला दिला होता ना, तेव्हा दुकानातल्या पोराने टाकून दिलं. म्हणाला फोन फास्ट होईल.’’

म्हणजे जवळजवळ वर्षभर त्या अ‍ॅपला काकांचे मेसेज, बँकेची शिल्लक, सगळं वाचण्याची मुभा होती. त्याने ते वाचलं की नाही, आम्हाला कळायला मार्ग नाही. आधी ‘Accessibility’मध्ये ते बंद केलं आणि मग अनइन्स्टॉल केलं. हाच क्रम ठेवा. अनइन्स्टॉलचं बटणच दाबता येत नसेल, तर सेटिंग्जमध्ये ‘Device admin apps’ शोधा आणि तिथून त्याचा अधिकार काढा. तुम्ही बंद करायला गेलात की अ‍ॅप स्वतःच मागे उडी मारत असेल, तर ती फार वाईट खूण आहे. अशा वेळी फोन सेफ मोडमध्ये सुरू करून ते काढावं लागतं, कारण त्या मोडमध्ये बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत.

आयफोनमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपची स्क्रीन अशी वाचता येत नाही. स्क्रीन रेकॉर्ड किंवा शेअर होत असेल, तर वर खूण दिसते.

मॅक आणि विंडोज यांत मोठा फरक

ब्राउझरच्या बाहेरही प्रोग्रॅम असतातच. मॅकवर ‘System Settings’मध्ये ‘Privacy & Security’ उघडलं, की ‘Screen & System Audio Recording’ अशी सरळ यादी मिळते. जुन्या मॅकवर नुसतं ‘Screen Recording’ असं लिहिलेलं असतं. ज्याला स्क्रीन दाखवायची नाही, त्याचं बटण बंद करा.

विंडोजवर नेहमीच्या प्रोग्रॅम्ससाठी अशी यादीच नाही. इन्स्टॉल केलेला प्रोग्रॅम न विचारता स्क्रीन टिपू शकतो. म्हणून तिथे ‘Installed apps’ची यादी तारखेप्रमाणे लावून बघायची आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘Startup apps’ तपासायचं. अनोळखी नाव लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होत असेल, तर ते आधी शोधा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर chrome://management उघडा. ऑफिसने काही एक्स्टेन्शन्स लादली असतील, तर तिथे ते कळतं. ती काढता येत नाहीत, म्हणून घरची बँक त्या लॅपटॉपवर उघडू नये एवढंच.

सापडलं तर पुढे काय?

बघे काढून टाकले, तरी त्यांनी आधी नेलेलं परत येत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी मावशीने माझ्या लॅपटॉपवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले आणि ईमेलमधून बाकी सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन बंद केलं. पासवर्ड नेहमी स्वच्छ उपकरणावरूनच बदलायचे, नाहीतर नवा पासवर्डही त्याच डोळ्यांसमोर टाइप होतो. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. बँकेलाही लगेच कळवायचं.

शेवटी मावशीला एक सोपी सवय लावून दिली. क्रोमच्या ‘Incognito’ खिडकीत, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एकही एक्स्टेन्शन चालत नाही. आता ती बँकेचं काम फक्त त्याच खिडकीत करते.

परवा तिचा फोन आला. ‘‘अगं, ते जाहिराती अडवणारं अचानक बंद झालंय. म्हणतंय नवी परवानगी द्या. देऊ का?’’

मी विचारलं, ‘‘काय मागतंय?’’

‘‘थांब, आधी पूर्ण वाचते,’’ ती म्हणाली आणि एकेक शब्द लावत वाचायला लागली.